कडीमामांचा एक अहवाल

आमच्या कोर्टाच्या नाझर कार्यालयात समन्स पोचवणारे पाच बेलिफ होते. त्यातले चार जण माणूस घरी सापडला नाही की वैतागून परत यायचे. पाचवे कडीमामा. माणूस सापडला नाही की ते खुशीत यायचे, टेबलावर पिशवी ठेवायचे आणि म्हणायचे, "आज एक चांगला भेटलाय. बघू किती दिवस पुरतो."

खरं नाव त्यांना होतंच, पण पगारपत्रकाबाहेर ते कोणी वापरत नसे. मामा कधी बेल वाजवत नसत. कडी वाजवायचे, तीनदा, सावकाश. "बेल ऐकून माणसं बिळात जातात, कडी ऐकून बघायला येतात," असं त्यांचं म्हणणं. त्यावरून कडीमामा.

मी त्या कार्यालयात कारकून. बेलिफांना समन्स वाटून द्यायची, परत आलेली नोंदवून घ्यायची, आणि कोणी उशीर केला की जरा आवाज चढवायचा, एवढं माझं काम. शेवटचं काम मला छान जमायचं. समन्स म्हणजे काही भुताचा कागद नव्हे. एकाने दुसऱ्यावर दावा लावला की त्या दुसऱ्याला कोर्ट कळवतं, की बाबा, तुझ्याविरुद्ध असं असं म्हणणं आहे, अमुक तारखेला ये आणि तुझं काय ते सांग. सोबत दाव्याची नक्कल. पण लोकांची एक गोड समजूत असते, की कागद हातात घेतला नाही तर दावाच सुरू होत नाही. मग सुरू होते ती लपाछपी.

मामांना या लपाछपीत कोणी हरवू शकत नसे. एक हार्डवेअरवाला होता, पुढे दुकान, मागे घर. दारात उभा राहून म्हणाला, "ते नाहीत, बाहेरगावी गेलेत. मी त्यांचा भाऊ." मामांनी त्याला नीट न्याहाळलं. गल्ल्यामागच्या फोटोत तोच हसत होता. मामा म्हणाले, "भाऊ का? इथेच राहता?" तो म्हणाला, "हो, इथेच." "मग तुम्ही घरातले सज्ञान माणूस. तुमच्या हातात दिलं तरी चालतं. करा सही." गडी असा कात्रीत सापडला, की भावाच्या नावाने सही करून मोकळा झाला. नोकराच्या हातात दिलेलं समन्स चालत नाही, पण सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाच्या हातात दिलेलं चालतं, हे त्याला कुठून माहीत असणार? मामांना मात्र ते मोठ्या आनंदाने माहीत होतं.

एका बाईंनी तापाने फणफणल्याचं सोंग घेतलं, तेव्हा मामा तीन दिवस रोज तब्येत विचारायला गेले. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच कंटाळून उठल्या. एक जण मागच्या दाराने पळाला, तर मामा मागच्या दारातच उभे. आणि कोणी तोंडावर "घेत नाही जा" म्हणालंच, तर मामा शांतपणे पिशवीतून खळीची डबी काढायचे, समन्सची प्रत बाहेरच्या दारावर चिकटवायचे, शेजारच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायचे आणि निघायचे. नाकारलं म्हणून कागद माघारी जात नाही. तसा अहवाल आला, बेलिफाने शपथेवर तो खरा म्हटला आणि कोर्टाला पटलं, की समन्स पोचलं असं धरतात. मग तारखेला तुम्ही आला नाहीत तर तुमच्यावाचून काम चालतं. समोरचा सांगेल तेवढंच कोर्टाच्या कानावर जातं आणि एकतर्फी हुकूम होतो. लपणाऱ्याच्या हाती शेवटी एवढंच लागतं.

मामांची एक विद्या होती, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. घर रिकामं आहे की माणूस आत दडलाय, हे ते बाहेरून ओळखायचे. दोरीवरचे कपडे, दारातल्या चपला, खिडकीतला उजेड, पंख्याची घरघर. "माणसं खोटं बोलतात," ते मला सांगायचे, "घराला खोटं बोलता येत नाही." मी मान डोलवायचे. तीस वर्षं काढलेल्या माणसासमोर दुसरं काय डोलवणार?

आणखी एक सवय होती. माणूस समोर आल्याशिवाय आपण कोर्टातले हे ते कोणाला सांगत नसत. शेजाऱ्यांना कळलं की ते आधी जाऊन आतल्याला सावध करतात. म्हणून मामा साध्या सदऱ्यात जायचे आणि "आहेत का घरी?" एवढंच विचारायचे. बिल्ला खिशात.

या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी त्यांच्या अंगाशी आल्या.

दावा अगदी साधा होता. एका चिंचोळ्या रस्त्यावर, तळमजल्यावर एक बाइंडर बाई राहायची. पुढच्या खोलीत पुस्तकं बांधायची, मागच्या खोलीत झोपायची. बावीस वर्षं भाडेकरू. घरमालकाच्या मुलाला तिथे दुकान काढायचं होतं, म्हणून खोल्या रिकाम्या करून मिळाव्यात असा मालकाचा दावा. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. समन्स निघालं, एक प्रत पोस्टाने गेली आणि दुसरी मामांच्या पिशवीत पडली.

मामा मंगळवारी अकराला गेले. कडी वाजवली. दार उघडलं नाही, पण आत रेडिओ चालू होता. खिडकीत दिवा. समोरच्या दोरीवर कामाचा एप्रन, पाणी गळतंय असा ओला. जिन्यावरून वरच्या मजल्यावरची नर्स धावत खाली आली, पाळीला उशीर झालेला. मामांनी विचारलं, "बाई आहेत का?" ती धावता धावताच म्हणाली, "नाहीत हो, बहिणीकडे गेल्यात. तिचा पाय मोडलाय. महिना तरी लागेल." आणि गेली.

मामा गालातल्या गालात हसले. बहिणीकडे. पाय मोडलाय. हा पाय तीस वर्षांत त्यांनी किती जणांचा मोडलेला ऐकला होता. कुठली बहीण, कुठलं गाव, नक्की कधी येणार, काही विचारलं नाही. गुरुवारी पुन्हा गेले, पुन्हा अकरालाच. रेडिओ चालू, दिवा चालू, एप्रन ओला. मामांनी खळीची डबी काढली. समोरच्या न्हाव्याने घर बाईंचंच असल्याचं सांगितलं, कागद चिकटवताना उभा राहिला आणि कशाचा कागद ते न वाचताच सही केली.

दुपारी मामा आले ते खुशीत. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, म्हणून त्यांचे अहवाल ते सांगायचे आणि मी लिहायचे, ते खाली सही करायचे. असा रिवाजच पडला होता. त्या दिवशी ते म्हणाले, "लिही, ताई. नेहमीचंच." आणि मी नेहमीचंच लिहिलं: 'वेळोवेळी जाऊन शोध घेतला. प्रतिवादी घरात असूनही बजावणी टाळत असल्याचे दिसून आले. सबब समन्सची प्रत साक्षीदारासमक्ष बाहेरील दारास चिकटवली.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं, की लिहिताना शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी बोलत होते.

पोस्टाची प्रत दोन आठवड्यांनी परत आली. पाकिटावर पोस्टमनचा शेरा होता: 'बाहेरगावी'. ती मीच फाइलला लावली. एका बाजूला पोस्टमनचा एक शब्द, दुसऱ्या बाजूला कडीमामांचा शपथेवरचा अहवाल. कोर्टाने कोणावर भरवसा ठेवला असेल ते सांगायला नको. तारखेला बाई आली नाही, मालकाने आपली बाजू मांडली, आणि खोल्या मालकाच्या ताब्यात द्याव्यात असा एकतर्फी हुकूम झाला.

काही महिन्यांनी हुकूम अमलात आणायची वेळ आली. कब्जा वॉरंट निघालं आणि तेही मामांच्याच पिशवीत पडलं, कारण तो भाग त्यांचा. ते परत करायला दहा दिवस होते. मालकाला आणि हमालांना घेऊन जाण्याआधी मामा एकदा एकटे जाऊन जागा बघून यायचे, सामान किती, दारं किती. तसे ते गेले. कडी एकदाच वाजवली आणि दार उघडलं.

"या," ती बाई म्हणाली. कोपरापर्यंत हात खळीने भरलेले. "आत या, उन्हात नका उभे राहू. काय बांधायचंय?"

मामांनी मला नंतर सांगितलं, की त्या एका 'या'नेच त्यांना शंका आली. गुंगारा देणारं माणूस असं दार उघडत नाही. बारीकशी फट पाडतं, साखळी लावून एक डोळा दाखवतं. ही तर दार भिंतीला टेकवून उभी.

त्यांनी बिल्ला दाखवला, वॉरंट दाखवलं, कशाचं आहे ते सांगितलं. बाईला आधी वाटलं पत्ता चुकलाय. मग स्वतःचं नाव वाचलं आणि ती कागदांच्या थप्पीवर मटकन बसली.

"मला कोणी काही कळवलंच नाही," ती म्हणाली.

"दारावर लावलं होतं," मामा म्हणाले. "मीच लावलं होतं. तुम्ही आत होतात."

"कधी?"

मामांनी तारीख सांगितली.

"तेव्हा मी बहिणीकडे होते. तिचा पाय मोडला होता. दीड महिना होते मी तिथे." मग तिने मान वर केली. "म्हणजे ती खळ तुमची होती होय? परत आले तर माझ्या दारावर कोणीतरी असली भिकार खळ फासून ठेवलेली. घासताना नाकी नऊ आले. खळ अशी करतात का? गुठळ्याच गुठळ्या."

घर जायची वेळ आलेली आणि बाई खळीवरून बोलत होती. मामांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "मग रेडिओ? दिवा? एप्रन?"

"ते चोरांसाठी," बाई म्हणाली. "वरच्या नर्सताईंना सांगून गेले होते. घर रिकामं दिसू नये म्हणून रेडिओ लावा, दिवा ठेवा, दोरीवर काहीतरी ओलं असू द्या. त्या बिचाऱ्या रोज तोच एप्रन नळाखाली धरून पुन्हा वाळत घालायच्या. आणि दारावर जाहिरातीचे कागद साठले की चोरांना कळतं, म्हणून तेही काढून टाकायच्या."

तर असं झालं होतं. चोरांसाठी रचलेल्या नाटकाने चोरांना फसवलं की नाही ठाऊक नाही, पण आमच्या मामांना पुरतं फसवलं. आणि समन्स कुठे गेलं, तर बाकीच्या जाहिरातींबरोबर नर्सच्या हाताला लागून जिना चढून वर.

मामांना वॉरंट थांबवायचा अधिकार नव्हता आणि तसं त्यांनी केलंही नाही. एवढंच सांगितलं, "दहा दिवसांत हे मला परत करायचंय. तुमच्या हातात आठवडाच आहे असं धरा. उद्या सकाळी वकील गाठा. समन्स पोचलंच नव्हतं म्हणून एकतर्फी हुकूम रद्द करा, असा अर्ज करता येतो. आज कळलंय, आजपासून तीस दिवसांची मुदत. पण तुम्ही तीस दिवस थांबू नका. अर्जासोबत वॉरंटला स्थगिती मागा."

मग परत येऊन माझ्यासमोर बसले. पिशवी मांडीवरच ठेवली.

"ताई, तो अहवाल काढ बघू."

मी काढला. माझ्या वळणदार अक्षरातलं ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. "वेळोवेळी," ते म्हणाले. "किती वेळा गेलो होतो मी?"

"मला काय माहीत? तुम्ही नेहमीचं लिही म्हणालात."

"हो," ते म्हणाले. "तेच तर."

बाईने दुसऱ्याच दिवशी एक तरुण वकीलबाई गाठली. अर्ज लागला, वॉरंटला स्थगिती मिळाली आणि चौकशीची तारीख पडली. आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं: समन्स रीतसर बजावलं होतं की नाही. बजावलं होतं म्हटलं, तर बाईची बावीस वर्षांची खोली गेली. आणि बजावलं होतं असं म्हणणारा एकच कागद होता. खाली मामांची सही. वकीलबाईने मामांनाच साक्षीला बोलावलं.

नाझरसाहेब म्हणजे आम्हा सगळ्यांचे वरिष्ठ. माणूस मायेचा, पण कागदाला फार भिणारा. त्यांनी मामांना खोलीत बोलावलं. मी फाइल द्यायच्या निमित्ताने आत घुटमळले, हे कबूल करते.

"मामा, निवृत्तीला तीन महिने राहिलेत तुमच्या," ते म्हणाले. "सेवापुस्तक कसं आहे? कोरं. उगाच वाकड्यात शिरू नका. 'अहवालाप्रमाणे बजावणी झाली' एवढंच म्हणा. ते खोटंही नाही. अहवाल तसाच आहे."

"अहवाल तसा आहे, साहेब," मामा म्हणाले. "झालं तसं नाही."

"उद्या तुमच्या जुन्या हजार अहवालांवर वकील बोट ठेवतील."

मामांनी पिशवी उचलली आणि साहेबांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, अक्षर माझं आहे. विचारलं तर मी सांगेन की मी लिहिलं."

"सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग तू कशाला मधे येतेस," ते म्हणाले. "तू आपली आवाज चढव. तेवढं तुला जमतं."

त्या रात्री मला झोप लागली असं म्हणवत नाही. मामांनी खरं सांगावं असं वाटत होतं आणि मामांना काही होऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम होण्यासारखं नव्हतं, हे मला मेलीला कळत होतं.

चौकशीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. न्यायाधीश एक बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकाशी, आवाज हळू. आधी बाइंडर बाईने तारखा सांगितल्या. मग नर्स आली, पाळीवरून तशीच. तिने पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. समन्सचं पहिलं पान. अक्षर ठीक दिसत होतं, पण कागदभर डब्यांचे गोल डाग.

"हे कुठे होतं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"फळीवर, डब्यांखाली," नर्स म्हणाली. "छापलेली बाजू खाली घालून. दारावरचे सगळे कागद मी एकाच मुठीत ओढायची. माझ्या मनात सगळ्याच जाहिराती. बाकीची पानं अजून डब्यांखालीच आहेत, हवी असतील तर आणते."

"राहू द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि ते पान दोन बोटांनी लिपिकाकडे दिलं. कोर्टात कोणीतरी खोकलं. ते हसू होतं.

मग मामा पिंजऱ्यात उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, आणि बिल्ला आज खिशात नव्हता, छातीवर होता. शपथ घेतली. वकीलबाईने अहवाल दाखवला. "सही तुमची?"

"माझी."

"यात 'वेळोवेळी जाऊन' असं आहे. किती वेळा गेलात?"

मी समोरच्या बाकाची कड धरली. मामांनी एकदाही नाझरसाहेबांच्या खोलीच्या दिशेने पाहिलं नाही.

"दोनदा," ते म्हणाले. "मंगळवारी आणि गुरुवारी. दोन्ही वेळा सकाळी अकराला. संध्याकाळी गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी गेलो नाही."

"प्रतिवादींचा चेहरा दिसला? आवाज ऐकला?"

"नाही. रेडिओचा ऐकला."

"त्या बाहेरगावी आहेत असं कोणी सांगितलं होतं?"

"या नर्सताईंनी सांगितलं होतं. कुठे गेल्यात, का गेल्यात, किती दिवस लागतील, सगळं सांगितलं. मी कोर्टाचा माणूस आहे हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. नाहीतर त्यांनी तो कागद जपून ठेवला असता."

आता घरमालकाचे वकील उठले. मोठे वकील. मामांना वीस वर्षं ओळखणारे आणि त्यांच्या अहवालांवर कितीतरी दावे जिंकलेले. ते गोड आवाजात म्हणाले, "तीस वर्षांचा तुमचा अनुभव. घर बघून तुम्ही ओळखता, माणूस आत आहे की नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि त्या दिवशीही तुम्ही ओळखलंत."

"ओळखलं," मामा म्हणाले. "चुकीचं ओळखलं. मला तीस वर्षं लोकांनी खोटंच सांगितलंय, साहेब. त्या दिवशी एकीने खरं सांगितलं आणि मला ते ओळखता आलं नाही. बहिणीचा पाय मोडलाय म्हटल्यावर मी मनात हसलो. परत गेलो असतो, गाव विचारलं असतं, तर या बाईंना बोलायला मिळालं असतं. माझ्यामुळे मिळालं नाही."

मोठे वकील कागद मिटून खाली बसले. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. याच माणसाच्या अहवालात मी विचार न करता तीन ओळी ठोकल्या होत्या, आणि माझं नावही न घेता तो त्या एकटाच खोडत होता.

न्यायाधीशबाईंनी तिथेच हुकूम सांगायला घेतला. पुरेसा शोध न घेताच समन्स दारावर चिकटवलं. सबब ती बजावणी रीतसर नाही. पोस्टाच्या पाकिटावर 'बाहेरगावी' असा शेरा होता, त्याकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. लक्ष द्यायचं होतं ते अर्थात कोर्टाने. एकतर्फी हुकूम रद्द. त्यावर काढलेलं वॉरंट रद्द. दावा पुन्हा पहिल्यापासून चालेल, आणि प्रतिवादीने आपलं लेखी म्हणणं तीस दिवसांत द्यावं. आणि बेलिफाचा खुलासा मागवण्यात यावा.

शेवटचं वाक्य मामांबद्दल होतं. म्हणजे सेवापुस्तक आता कोरं राहणार नव्हतं. मामांनी मान हलवली, जणू हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होतं.

"दाव्याची नक्कल आत्ताच देऊन टाका," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पुन्हा दारं शोधायला नकोत. बेलिफ इथेच आहेत."

लिपिकाने मामांच्या हातात प्रत दिली. मामा पिंजऱ्यातून उतरले, चार पावलं चालून बाइंडर बाईसमोर उभे राहिले आणि एका हाताने तो कागद पुढे केला. पोचपावती आणि पेन दुसऱ्या हाताशी तयार. बाईने कागद घेतला. पेन घेतलं नाही.

"आधी वाचते," ती म्हणाली.

"घरी जाऊन वाचा, बाई," तिची वकीलबाई कुजबुजली. "ही फक्त पोचल्याची सही. कबुली नाही."

"असेल. पण बावीस वर्षांची खोली आहे माझी. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलं, मी एकटीनेच वाचायची राहिले."

आणि तिथेच उभ्या उभ्या तिने वाचायला सुरुवात केली. पाच पानं होती. मोठ्या वकिलांनी घड्याळ बघितलं, लिपिकाने न्यायाधीशबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीला पाठ टेकली. बाई ओळीवर बोट ठेवून वाचत होती, मधेच एकदा नाक मुरडलं, एकदा पान मागे उलटून तारीख ताडून पाहिली. शेवटचं पान संपल्यावर तिने कागदांच्या कडा जुळवल्या, घडी घातली आणि हात पुढे केला. मामा पेनाचं टोपण काढून तेवढा सगळा वेळ तिच्यासमोर उभे होते.